मदत हवी आहे: भिंतीलगतचा वेग x = a च्या पुढे खरा मानावा का?

सरळ भिंतीपासून a = 0.2 मी. अंतरावर द्विमितीय स्रोत आहे, तीव्रता m = 0.6 मी²/से. भिंतीपलीकडे तेवढ्याच अंतरावर त्याच चिन्हाचा प्रतिमा-स्रोत घेतला. भिंतीवर दोघांचे लंब घटक एकमेकांना रद्द करतात, समांतर घटकांची बेरीज होते:

u = (m/π) · x/(x² + a²)

x हे स्रोतासमोरच्या बिंदूपासून मोजलंय. तिथे वेग शून्य, x = a ला कमाल m/(2πa), म्हणजे सुमारे 0.48 मी/से. पुढे 0.4 मी.ला 0.38, 1 मी.ला 0.18.

इथपर्यंत पटतं. पण x = a नंतर वेग घटतो, म्हणजे बर्नुलीनुसार दाब वाढत जातो. खऱ्या, श्यान पाण्यात भिंतीलगतचा सीमास्तर या चढत्या दाबापुढे टिकेल की सुटेल? सुटत असेल तर कुठे, हे हाताने कसं काढायचं? थ्वेट्सची पद्धत इथे चालेल का? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया पायऱ्या सांगा.