व्हिडिओ कॉलवर चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो, गुरुवारी मुलाखत आहे

गव्हाळ_२७
मदत हवी आहे. गुरुवारी दुपारी ३ वाजता व्हिडिओवर मुलाखत आहे. आरशात मेकअप छान दिसतो, पण लॅपटॉपचा कॅमेरा लावला की गाल-ओठ सगळे फिके, चेहरा पांढरट आणि कपाळ मात्र चकचकीत. रंग गव्हाळ, त्वचा तेलकट, चष्मा आहे. फाउंडेशन, कॉम्पॅक्ट आणि गुलाबी ब्लश वापरते. काल कॉम्पॅक्टचे आणखी दोन थर दिले तर अजूनच भुताटकी झाली. घर मनीषनगरला, खोली पश्चिमेची, त्यामुळे दुपारी पडदे बंद आणि कूलर सुरू. कोणतं फाउंडेशन घेऊ?

बर्डीवाली
फाउंडेशन राहू दे, आधी रिंग लाइट घे. सीताबर्डीला मोबाइलच्या दुकानांत मिळतो. बरोबर समोर लाव, लॅपटॉपच्या मागे. मी दीड वर्षापासून वापरते, चेहरा उजळ दिसतो. आणि सनस्क्रीन लावू नको, त्यातल्या झिंकनंच पांढरं दिसतं.

सुलभा_काकू
माझ्या भाचीच्या लग्नात मेकअपवालीनं असाच पांढरा मेकअप केला होता, अल्बम बघवत नाही. एअरब्रश करून घे बेटा, घामानं उतरत नाही म्हणतात.

गव्हाळ_२७
काकू, लग्न नाही हो, नोकरीची मुलाखत आहे 🙂

उजेडवाला
मी लग्नाचे फोटो काढतो, बायको मेकअप करते. दोघांचं मिळून सांगतो. फाउंडेशन विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा, पाच मिनिटं लागतील.

कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर लहान खिडकीत ठेवा आणि तिच्यामागे आधी कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडा, मग काळं चित्र. चेहऱ्याचा रंग बदलला तर स्क्रीनच तुमचा दिवा झाली आहे. तिचा उजेड निळसर असतो आणि कॅमेऱ्याच्याच बाजूनं सरळ तोंडावर पडतो, म्हणून गालाचा उंचसखलपणा सपाट होतो.

दुसरं, कुणाला तरी तुमच्या मागे पांढरी चादर धरायला सांगा. चादर येताच चेहऱ्याला रंग आला तर दोष मागच्या अंधाराचा. कॅमेरा सगळ्या चित्राचा मिळून उजेड मोजतो. मागे काळोख असला की तो चित्र उजळायला बघतो, आणि त्या भरात आधीच उजळलेला चेहरा जळतो, म्हणजे पांढराफटक पडतो. जळलेल्या जागी ब्लश कितीही लावा, दिसणार नाही. काही लॅपटॉप चेहरा ओळखून मोजतात, त्यांच्यात चादरीनं फारसा फरक पडत नाही.

मागे काय आहे तुमच्या?

गव्हाळ_२७
चॉकलेटी सनमायकाचं कपाट 🙈 आत्ताच करून बघितलं. पांढऱ्या पानानं निळसर, काळ्या चित्रानं बरी. आणि आईनं चादर धरली तेव्हा तर ओठांची लिपस्टिक दिसली! आई म्हणते, हे काय खूळ.

उजेडवाला
मग निदान झालं. बंद पडदे, गडद कपाट आणि समोर पांढरी स्क्रीन. तुमची कॉम्पॅक्ट त्यात विनाकारण बदनाम झाली.

करायचं असं: कपाटाच्या बाजूला टेबल-लॅम्प ठेवून त्याचा उजेड कपाटावर पाडा, लॅम्प चित्रात येऊ देऊ नका. स्क्रीनचा उजेड अर्ध्याच्या खाली आणा. चेहऱ्यासाठी दुसरा दिवा डोळ्यांपेक्षा थोडा वर, एका बाजूला तिरपा ठेवा, दिव्याचं तोंड भिंतीकडे करून. भिंत पांढरी असली की तिच्यावरून परतणारा उजेड मऊ येतो. घरातले सगळे बल्ब एकाच रंगाचे असू द्या. एक पिवळा आणि एक पांढरा असला की अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा निळा दिसतो, कॅमेरा दोन्हींचा मेळ घालू शकत नाही. खिडकीचा पडदा बंदच राहू द्या, मे महिन्यात पश्चिमेचं ऊन दर दहा मिनिटांनी बदलतं.

बर्डीवाली, रिंग लाइट वाईट नाही. पण बरोबर समोर ठेवला की सावलीच उरत नाही, म्हणून ‘उजळ’ वाटतं तेच हिच्याकडे ‘पांढरं’ होईल. शिवाय चष्म्यात दोन गोल दिसतील. झिंकचं अर्धं खरं: फोटोत फ्लॅश पडला की झिंक, टायटॅनियम आणि सिलिका असलेली पावडर पांढरी चमकते. व्हिडिओ कॉलला फ्लॅश नसतो. सनस्क्रीनचा पांढरा थर आरशात दिसत नसेल तर कॅमेऱ्यातही तो मुख्य दोषी नाही. पण त्याच मेकअपवर पासपोर्टचा फोटो काढायचा असेल तर मोबाइलच्या फ्लॅशनं आधी एक काढून बघा.

बर्डीवाली
बरं बाई, मान्य. पण माझं तोंड तरी चांगलंच दिसतं हं.

काजळरेघ
उजेडवाल्यांची बायको इथे लिहितेय. उजेडाचं झालं, आता चमक. कूलरसमोर बसून घाम नीट वाळत नाही, कारण हवा ओलसर असते. त्या ओलीवर पावडर टाकली की गोळे होतात आणि त्या गोळ्यांवर चमक बसते. ताई, तुझं तेच झालंय.

आधी टिपून घे. साध्या टिश्यूचे पदर वेगळे कर, एक पदर कपाळावर दाब, घासू नको. मग पावडर फक्त चार ठिकाणी: कपाळाचा मधला भाग, नाकाच्या दोन बाजू, वरचा ओठ आणि हनुवटी. गाल सोड. गालही मॅट केले की कॅमेऱ्यात चेहरा मातीचा दिसतो, गालावर जराशी ओल दिसायला हवी. टाल्कम अजिबात नको, गव्हाळ रंगावर ते राखेसारखं उमटतं.

फाउंडेशन गळ्याशी जुळवून बघ. तुझं बहुतेक एक छटा फिकं असेल, दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्यांचंच होतं. गुलाबी ब्लश बाजूला ठेव, विटकरी किंवा पीच घे, आधी क्रीमचा आणि वर किंचित पावडरचा. आरशात ‘जरा जास्त झालं’ वाटेल तितका लाव, वेबकॅम निम्मा खातो. भुवयाही तशाच भर.

वऱ्हाडी_बाप्पू
काहून इतकं? Zoom मधे ‘Touch up my appearance’ लाव, होते काम.

काजळरेघ
भाऊ, त्यानं चेहरा गुळगुळीत होतो, पण गेलेला रंग परत येत नाही. आणि भुवया, ओठांच्या कडा पुसट झाल्या की आणखी फिकं वाटतं. मला नाही पटत.

वऱ्हाडी_बाप्पू
मले तं पटते. आपली आपली आवड.

गव्हाळ_२७
बुधवारची रंगीत तालीम सांगते. सव्वादोनला सनस्क्रीन, पंधरा मिनिटं थांबले, मग बाकीचं. कपाटावर लॅम्प, दुसरा बल्ब भिंतीकडे. मैत्रिणीला कॉल लावला, ती म्हणाली, ‘तू आजारी वाटत नाहीयेस.’ फाउंडेशन खरंच मानेपेक्षा फिकं निघालं, ते जेमतेम लावलं आणि खाली उतरवत मानेपर्यंत नेलं.

दोन अडचणी उरल्या. कूलर बंद केला तर दहा मिनिटांत नाकावर दव, सुरू ठेवला तर आवाज माइकमध्ये जातो. आणि चष्म्यात स्क्रीनचा चौकोन दिसतोच.

उजेडवाला
कूलर पलीकडच्या खोलीत लावा, दार अर्धं उघडं आणि वर पंखा. कॉल लागायच्या दोन मिनिटं आधी एकदा टिपा, पावडर पुन्हा नको. चष्म्यासाठी लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, स्क्रीन थोडी झुकवून बघा आणि हनुवटी किंचित खाली. चौकोन कमी होईल, पूर्ण जाणार नाही. स्क्रीन समोर आहे तोवर ती काचेत दिसणारच. मुलाखतीत कंपनीच्या पांढऱ्या स्लाइड्स उघडल्या तर तो पुन्हा वाढेल, तेव्हा ती खिडकी लहान करा.

सुलभा_काकू
चष्मा काढून बस ना.

गव्हाळ_२७
काकू, -५ आहे. समोरचे प्रश्न विचारताहेत की हसताहेत तेही कळणार नाही.