तिसरा डोस सोडू नका
>> कुत्र्याच्या पिल्लाचे नऊ आठवड्यांपर्यंत लसीचे दोन डोस झालेत, आता फक्त रेबीज राहिलं ना?

नाही हो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसच निकामी करते. ती कधी ओसरेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून पार्वो-डिस्टेंपर या आजारांवरच्या लसीचा डोस दर तीन-चार आठवड्यांनी द्यायचा आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावरच. आमच्या लॅब्राडोरचे सातव्या, दहाव्या, तेराव्या आणि सोळाव्या आठवड्यात झाले, रेबीज तेराव्यालाच. पुढचे बूस्टर वर्षाने. सोळाव्या आठवड्याचा डोस होईतोवर सोसायटीच्या बागेत उतरवला नाही, कडेवरच फिरवला.

जंताच्या औषधात मात्र आम्ही फसलो. पंधरवड्याला देत होतो, पण मात्रा पहिल्या वजनाचीच. पिल्लू दीड किलोवरून साडेतीनवर गेलेलं, आणि शीमध्ये शेवयांसारखे जंत! तेव्हापासून त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं, आणि त्यावर डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यायची. तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, सहानंतर तिमाहीला. आंघोळ लसीनंतर आठवडाभर टाळली. तेवढ्यात ब्रश आणि नखं कापायची सवय लावली.