50-50 ठरलं होतं, आता शेअर आणि पदं दोन्हींवरून अडलंय

खरडछाटणी
नाशिकला मी आणि मित्राने प्रायव्हेट लिमिटेड काढली आहे. निर्यातीच्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या नोंदी ठेवणारं ॲप आहे: कोणतं औषध, किती मात्रा, काढणीला किती दिवस उरले, म्हणजे युरोपात नमुना नापास होऊ नये. 10 रुपयांचे 10,000 शेअर, निम्मे-निम्मे. मी वर्षभर नोकरी सोडून पूर्णवेळ कोड लिहितोय, पगार नाही. मित्र अजून नोकरीत आहे, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार वेळ देतो. पण 9 लाख त्याने घातलेत आणि तिन्ही निर्यातदार ग्राहक त्याच्या ओळखीचे. मला 70-30 योग्य वाटतं. तो म्हणतो शब्द 50-50 चा होता, शिवाय सीईओ मीच. एक गुंतवणूकदार 50 लाख घालायला तयार आहे, पण आधी आपसांत मिटवा म्हणतो. काय करावं?

रोखठोक
यात विचारण्यासारखं काय आहे? वर्षभर उपाशी तुम्ही राहिलात. त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात येतोय. 70 मागा, नाही म्हणाला तर 60 वर या, पण 51 च्या खाली उतरू नका. 51 टक्के हातात असले की कंपनी तुमची, मग सीईओ कोण ते तुम्हीच ठरवा. अमेरिकेतल्या झिपकार या तासावर गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचं उदाहरण बघा. 2000 साली रॉबिन चेस आणि आंत्ये डॅनियलसन यांनी हस्तांदोलन करून 50-50 ठरवलं. चेस पूर्णवेळ उतरली, डॅनियलसनने हार्वर्डची नोकरी सोडली नाही. पुढे चेसनेच डॅनियलसनला कंपनीतून काढलं, हे जगजाहीर आहे.

दुकानदारी
रोखठोक, तुम्ही कधी स्वतः काही विकलंय का? ॲप लिहून देणारे नाशिकात गल्लोगल्ली आहेत. द्राक्ष निर्यातदार आपल्या शेतकऱ्यांची यादी आणि फवारणीचं वेळापत्रक परक्या माणसाला दाखवत नाही. ते तीन ग्राहक मित्राच्या शब्दावर आलेत. आणि 9 लाख बुडाले तर कोणाचे बुडणार? धाग्याचा लेखक नोकरी सोडून बसला हा त्याचा निर्णय. मित्राने त्याला सोड म्हटलं होतं का? शब्द 50-50 चा होता, तो पाळावा.

केसरी_मिरची
आमच्या मसाल्याच्या फर्ममध्ये अगदी हेच झालं. माझे दीर पैसे घालून मोकळे, कांडपापासून दुकानदारांपर्यंत सगळं मी बघायचे. शेवटी जुनी डीड मोडून नवी केली, नफ्याचं प्रमाण बदललं आणि मला दरमहा पगार लावून घेतला. वकिलाने एका दिवसात करून दिलं. तुम्हीही नवी डीड करा, उगाच एवढा विचार करू नका.

ताळेबंद
ताई, तुमची भागीदारी फर्म होती, यांची कंपनी आहे. फर्ममध्ये दोघांनी सही केली की प्रमाण बदलतं. इथे शेअर एकदा एखाद्याच्या नावावर गेले की तो स्वतः दिल्याशिवाय ते परत येत नाहीत. पगाराचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, त्याच्याकडे येते.

आधी रोखठोक यांचं 51. साधा ठराव तेवढ्यावर होतो, संचालकाला काढताही येतं, हे खरं. पण कंपनीची नियमावली बदलायला किंवा गुंतवणूकदाराला नवे शेअर द्यायला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश. 70 टक्के असले तरी ते एकट्याने होत नाही. आणि आज 50 वरून 70 वर जायचं तर मित्राने स्वतःच्या हाताने 2,000 शेअर लिहून द्यायला हवेत. तो का देईल?

म्हणून टक्क्यांवर भांडू नका. घड्याळावर भांडा.

दोघांचे 5,000 शेअर आहेत तिथेच ठेवा, पण ते चार वर्षांत, म्हणजे 48 महिन्यांत कमवायचे असा करार करा. याला वेस्टिंग म्हणतात आणि गुंतवणूकदार ते मागणारच आहे. पूर्णवेळ कामाच्या एका महिन्याला साधारण 104 शेअर पडतात. अर्धवेळ महिन्याला 52 धरा. मागचं वर्षही यातच मोजा: तुमचे 1,250 शेअर कमावलेले, मित्राचे 625.

आता पुढे बघा. मित्र उद्या नोकरी सोडून आला तर दोघांचा वेग सारखाच. तुमचे 36 महिने उरतात, त्याचे 42. तो सहा महिने उशिरा पोचेल, पण पोचेल, आणि 50-50 चा शब्द पाळला जाईल. समजा तो आणखी एक वर्ष नोकरीतच राहिला आणि मग तुमचं फाटलं. तेव्हा तुमचे 2,500, त्याचे 1,250. म्हणजे दोनास एक, जवळपास तुमचंच 70-30. फरक एवढाच की हे प्रमाण त्याच्या वागण्यातून आलं, तुमच्या मागण्यातून नाही. माझ्या अनुभवात 70 मागितल्यावर उठून जाणारा माणूसही या हिशोबाला बसतो, कारण 50 राखणं त्याच्या हातात असतं.

9 लाख वेगळे काढा. कष्टाचा हिशोब आणि पैशाचा हिशोब एकत्र केला की दोघांनाही आपण लुटले गेलो असं वाटतं. ते पैसे पुस्तकात कशाखाली दाखवलेत?

खरडछाटणी
'संचालकाकडून कर्ज' म्हणून. व्याज वगैरे काही ठरलेलं नाही. आणि तो म्हणतो हंगाम संपला की एप्रिलमध्ये नोकरी सोडतो. मागच्या एप्रिललाही हेच म्हणाला होता.

ताळेबंद
छान, मग ते कर्जच राहू द्या. फक्त ही रक्कम आपण कुठून उसनी आणलेली नाही असं त्याचं लेखी निवेदन कंपनीकडे आहे ना ते बघा. नसेल तर ती ठेव धरली जाण्याचा धोका आहे. व्याज ठरवा आणि परतफेड कधी तेही लिहा. गुंतवणूकदाराच्या पैशातून पहिल्याच महिन्यात 9 लाख फेडायचे म्हटलंत तर तो पळून जाईल, तेव्हा दीड-दोन वर्षांनंतरची तारीख घाला. तुमचा न घेतलेला पगारही तसाच. 50 लाख आल्यावर दोघांपैकी जो पूर्णवेळ असेल त्याला ठरावीक पगार. मागच्या वर्षाच्या पगाराचे शेअर मागू नका, ते वेस्टिंगमध्ये मोजून झाले.

दुकानदारी
हिशोब सुबक आहे, पण त्यात एक खोट आहे. अर्धवेळ म्हणजे अर्धे शेअर हे कोणी ठरवलं? विक्री तासांवर मोजत नाहीत. मित्राने एका रविवारी पिंपळगावला जाऊन एक निर्यातदार आणला, त्याची किंमत यांच्या तीन महिन्यांच्या कोडपेक्षा जास्त असेल. तुमच्या घड्याळात तो रविवार कुठे बसतो?

ताळेबंद
बसत नाही, मान्य. 52 ऐवजी 70 धरा, त्यावर दोघांनी घासाघीस करावी. ग्राहकामागे ठरावीक शेअर हा मार्ग मी टाळते. पुढे ग्राहक टिकला नाही तर शेअर परत का, हा नवा वाद उभा राहतो. ग्राहकाबद्दल कमिशन द्या, रोख.

पंचनामा
वकील आहे, दोन गोष्टी सांगतो.

वेस्टिंग फक्त आपसांतल्या करारात लिहून थांबू नका, कंपनीच्या नियमावलीतही घाला. शेअरच्या हस्तांतरावरची जी अट नियमावलीत नाही ती कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सांगितलं आहे. नियमावली बदलायला विशेष ठराव, म्हणजे आज तुम्हा दोघांचीही सही. उद्या भांडण झाल्यावर ती सही मिळत नसते.

दुसरं म्हणजे हे सगळं गुंतवणूकदाराचे पैसे येण्याआधी उरका. सोडून जाणाऱ्याचे न कमावलेले शेअर दुसऱ्याने दर्शनी किमतीला, 10 रुपयांना घ्यायचे असतात. आज कंपनीत कर्जच जास्त आहे, त्यामुळे पुस्तकी किंमत जवळपास शून्य. 50 लाख खात्यात आले की ती शेअरमागे तीन-साडेतीनशेवर जाऊ शकते. मग 3,000 शेअर 10 रुपयांनी घेतले तर फरक 9-10 लाखांचा, आणि असा फरक 50 हजारांच्या वर गेला की पूर्ण रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. हातात एक रुपया न येता कर भरावा लागेल. करार आज केला म्हणून हा कर आपोआप टळत नाही, पण निदान मित्र जाणार असेल तर आत्ताच जाऊ दे.

रोखठोक
सीईओचं काय? त्यावर कोणीच बोलत नाही.

पंचनामा
सीईओपेक्षा अध्यक्ष कोण ते आधी बघा. बहुतेक छोट्या कंपन्या कायद्यातली नमुना नियमावली, टेबल एफ, जशीच्या तशी उचलतात. तीत संचालक मंडळात समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत आहे. दोनच संचालक, त्यातला एक अध्यक्ष, म्हणजे प्रत्येक वाद तो जिंकणार. लोक व्हिजिटिंग कार्डावरच्या पदासाठी भांडतात आणि हे वाक्य वाचतच नाहीत. तुमच्याकडे तसं असेल तर ते मत काढून टाका, किंवा गुंतवणूकदार आल्यावर दोघांना मान्य असा तिसरा संचालक घ्या.

ताळेबंद
मी तिसऱ्या संचालकाच्या बाजूने नाही, निदान पहिल्या वर्षी. 50 लाख घालणारा माणूस त्या खुर्चीवर आपला माणूस बसवेल आणि दोघेही त्याची मनधरणी करत बसतील. त्यापेक्षा कामं वाटून घ्या. कोड, माहितीची साठवण, तांत्रिक नेमणुका यांवर अंतिम शब्द एकाचा. दर, ग्राहक, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण यांवर दुसऱ्याचा. दोघांची सही फक्त कर्ज, नवे शेअर आणि ठरावीक रकमेवरच्या खर्चाला.

पंचनामा
आणि दर व ॲपची सुविधा एकाच प्रश्नात आले की? निर्यातदार म्हणाला, बाग नोंदणीची माहिती तुमच्या ॲपमध्ये आपोआप येऊ दे, तरच दुप्पट दर देतो. हा निर्णय कोणाचा? असं महिन्याला एकदा तरी होणार. तिसरा माणूस लागतोच.

केसरी_मिरची
मला एक कळत नाही. तो मित्र कुठल्या कंपनीत नोकरी करतो? कंपनीतून चालतं का असं?

खरडछाटणी
कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीत.

पंचनामा
अरे देवा, हे आधी सांगायचं. त्याचं नेमणूकपत्र आजच मागवा. दुसरा व्यवसाय करायचा नाही आणि नोकरीच्या काळात जे बनवाल ते कंपनीचं, अशी कलमं त्यात सर्रास असतात. संचालकांची नावं कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतात. गुंतवणूकदाराचा वकील ते पहिल्याच दिवशी शोधेल. शिवाय कोणतं औषध फवारलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपचा अर्धा मालक औषधविक्रेत्याचा नोकर, हे निर्यातदारांना माहीत आहे का? तसंच कंपनी नोंदवण्याआधी तुम्ही लिहिलेला कोड अजून तुमच्याच नावावर असेल. तो लेखी कंपनीच्या नावे करा. वेस्टिंगच्या बोलणीत तो दाबून ठेवू नका, गुंतवणूकदाराला ते चालत नाही.

दुकानदारी
औषधाचं माहीत नव्हतं. मग मी माझं मत थोडं बदलतो. 50-50 ठीक, पण नोकरी सोडायची तारीख करारात हवी.

खरडछाटणी
काल रात्री मित्राला 104 आणि 52 चा हिशोब दाखवला. 52 ऐकून चिडला, 80 म्हणाला. मी 65 म्हटलं. 30 एप्रिल ही तारीख त्याने स्वतःच लिहिली, आणि त्यानंतरही नोकरीत राहिला तर महिन्याला शून्य, हेही मान्य केलं. नेमणूकपत्र दाखवायला मात्र टाळाटाळ करतोय. आमच्या नियमावलीत निर्णायक मताचं ते वाक्य आहे, आणि नोंदणी केली तेव्हापासून अध्यक्ष तो आहे. हे मला आज कळलं. सीईओवर अजून अडलेलंच आहे.

रोखठोक
नेमणूकपत्र दिसेपर्यंत 65 ला सही करू नका.