टॅली आणि वूकॉमर्स: स्टॉक एक मिनिटानं पाठवला तर दुहेरी विक्री थांबेल का?

रामबागकर: इंदूरला शीतलामाता बाजारात आमचं माहेश्वरी साड्यांचं दुकान आहे. हिशोब टॅलीत, वेबसाइट वूकॉमर्सवर. दर पाच मिनिटांनी टॅलीचा स्टॉक वेबसाइटवर जातो, तरी एकच नग दोघांना विकला जातो, तोही बहुतेक रात्री. सिंक करून देणारा म्हणतो, एक मिनिटावर आणू, वेगळे पैसे लागतील. घालू का?

खटपट्या: घाला. स्टॉकचा मालक एकच हवा आणि तो टॅली. वेबसाइटनं निमूट ऐकायचं. जितक्या लवकर आकडा जाईल तितकी चूक कमी.

चिवडेवाला: आमच्या शेव-चिवड्यात स्टॉकची अडचणच नाही, संपला की तळतो. आमचा ताप म्हणजे परत आलेली पार्सलं. कुरिअरवाल्याशी भांडून घ्या, मग सिंकचं बघा.

मध्यरात्रीची_पाळी: चिवडेवाले भिया, त्यांची साडी पुन्हा तळता येत नाही. रामबागकर, पैसे देऊ नका. आधी त्याला एवढंच विचारा: रात्री दुकानातला कॉम्प्युटर बंद झाला की टॅलीकडून उत्तर येत नाही, मग तो वेबसाइटला कोणता आकडा पाठवतो?

रामबागकर: विचारलं. शेवटचा वाचलेला आकडाच पाठवत राहतो म्हणे. आम्ही साडेआठला बंद करतो.

मध्यरात्रीची_पाळी: झालं तर मग. साडेआठला साडीचा नग १. रात्री ९:४० ला ऑर्डर आली, वूकॉमर्सनं स्वतःच १ चा ० केला, म्हणजे तिथवर सगळं बरोबर. ९:४५ ला सिंकनं जुना १ पुन्हा चढवला. १०:१० ला दुसऱ्या बाईंनी तीच साडी घेतली. मिनिटावर आणलं तर ९:४१ लाच चूक होईल, एवढाच फरक.

वेबसाइटला टॅलीचा कच्चा आकडा पाठवायचाच नाही. टॅलीतला स्टॉक वजा टॅलीत अजून न चढलेल्या ऑर्डरी, हा आकडा पाठवायचा. वरच्या उदाहरणात १ वजा १, म्हणजे ०. रात्रभर टॅली बंद राहिली तरी ० च जाईल.

खटपट्या: म्हणजे दोन मालक झाले की! आणि ऑर्डर ‘चढली’ हे ठरवणार कोण? टॅलीकडून ‘मिळालं’ म्हणणारा २०० हा कोड आला की चढली, एवढं सोपं आहे ते.

मध्यरात्रीची_पाळी: खरी मेख तिथेच आहे. टॅलीला ९००० पोर्टवर एक्सएमएल पाठवलं आणि साडीचं नाव टॅलीतल्या नावाशी जुळलं नाही, तरी वरचं उत्तर २०० च येतं. नकार आत असतो:

```xml
<CREATED>0</CREATED>
<ERRORS>1</ERRORS>
```

`CREATED` १ दिसेपर्यंत ऑर्डर ‘न चढलेली’ समजायची. ती यादीत राहते, वजा होत राहते आणि सकाळी कुणाला तरी दिसते. २०० वर भरवसा ठेवला की ती यादीतून निघून जाते आणि साडी पुन्हा विक्रीला येते.

उलटही होतं. व्हाउचर बनतं, पण उत्तर येण्याआधी लाइन तुटते. तेव्हा तो नग टॅलीतही कमी आणि यादीतही वजा, म्हणजे वेबसाइटवर एक कमी दिसेल. ते चालतं. पण आंधळेपणानं पुन्हा पाठवलंत तर दोन बिलं होतील. वेबसाइटचा ऑर्डर नंबरच व्हाउचर नंबर करा, त्या व्हाउचर प्रकाराला नंबर हातानं देण्याची पद्धत ठेवून दुबार नंबर रोखायची सोय चालू करा. पुन्हा पाठवण्याआधी तो नंबर टॅलीत आहे का ते बघा.

खटपट्या: नकाराचं मान्य. पण वजाबाकीचा हिशोब टॅलीबाहेर ठेवायला माझं मन अजून घेत नाही. तो बिघडला तर कुणाला कळणार?

मुनिमीण: दोघंही रात्रीचं बोलताय. मी कापड दुकानाचे हिशोब बघते. गर्दीत साडी चारला विकली जाते आणि बिल टॅलीत सातला चढतं. त्या तीन तासांत टॅलीच खोटं बोलते, कुणाचा एपीआय काय करणार? ऑनलाइनच्या साड्यांचं टॅलीत वेगळं गोडाऊन करा, वेबसाइटला तेवढाच स्टॉक द्या. काउंटरवर त्या दाखवायच्याच नाहीत.

रामबागकर: ताई, आमचे बरेच नग एकेकटे आहेत. कपाटात बंद करून ठेवले तर दुकानात गिऱ्हाइकाला दाखवू काय?

मध्यरात्रीची_पाळी: मुनिमीणताईंचा मुद्दा माझ्या वजाबाकीनं सुटत नाही, हे खरं. रंगात चार-पाच नग असतील तर वेबसाइटला एक कमी दाखवून भागतं. एकुलत्या नगाला ते लागू नाही, त्याचं बिल जागेवरच व्हायला हवं.

मुनिमीण: दिवाळीच्या गर्दीत जागेवर बिल करणारा माणूस मिळाला की मलाही कळवा.

रामबागकर: वजाबाकीचं त्याला सांगितलं. म्हणतो, न चढलेल्या ऑर्डरींची यादीच त्यानं ठेवलेली नाही, ऑर्डर आली की वूकॉमर्स आपणहून त्याच्या सिंकला कळवतं, त्या वेबहुकवर सगळं चालतं.

मध्यरात्रीची_पाळी: मग वूकॉमर्सच्या सेटिंगमध्ये तो वेबहुक चालू आहे ना ते आजच बघा. ओळीनं पाचेक वेळा पोचला नाही की वूकॉमर्स त्याला बंद करून टाकतं, पुन्हा हातानंच चालू करावा लागतो. शिवाय तासातून एकदा ऑर्डरींची यादी स्वतः ओढून घ्यायला लावा, वेबहुकनं गाळलेलं त्यात सापडेल.

रामबागकर: बघितलं. बंदच आहे.