मदत हवी आहे: कन्सिस्टन्सी जास्त असूनही कारण बाह्य कसं?

शेवटचा_बाक: ऑर्गनायझेशनल बिहेवियरच्या क्विझमधला प्रश्न असा आहे. 'नव्या बिलिंग सॉफ्टवेअरवर एका कर्मचाऱ्याच्या दर वेळी चुका होतात. त्यावर बाकीच्यांच्याही होतात. इतर कामं मात्र तो बिनचूक करतो. कारण आंतरिक की बाह्य?' चुका दर वेळी होतात, म्हणजे कन्सिस्टन्सी जास्त. नोट्समध्ये 'कन्सिस्टन्सी जास्त तर कारण आंतरिक' असं सरळ दिलंय, म्हणून मी आंतरिक लिहिलं. उत्तरसूचीत बाह्य आहे. सूची चुकलीय का?

झटपट: सूची बरोबर आहे. बाकीचेही चुकतात म्हणजे कन्सेन्सस जास्त, तो फक्त याच कामात चुकतो म्हणजे डिस्टिंक्टिव्हनेस जास्त, ही दोन मतं बाह्यला. कन्सिस्टन्सीचं एकच आंतरिकला. दोनास एक, विषय संपला.

जुना_परीक्षक: उत्तर बरोबर, पण ही मतमोजणी पुढच्याच प्रश्नात तोंडघशी पाडेल. समजा, चुका फक्त आज झाल्या, एरवी कधीच नाहीत. बाकी कुणाच्या झाल्या नाहीत आणि आज त्याची इतर कामंही चुकली. मतं मोजली तर आंतरिक येईल. पण एरवी न चुकणारा माणूस आज चुकला, तर आधी आजच्या परिस्थितीकडे बघायला हवं.

मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केलीच्या 1967 च्या मांडणीत कन्सिस्टन्सी हे मत नाही, ती पहिली चाळणी आहे. ती कमी असेल तर कारण त्या वेळच्या परिस्थितीत शोधायचं. जास्त असेल तर कारण टिकाऊ आहे एवढंच कळतं. ते माणसात की सॉफ्टवेअरमध्ये, हे उरलेले दोन निकष सांगतात. तुमच्या प्रश्नात सगळेच चुकतात आणि तो फक्त इथेच चुकतो, म्हणून बोट सॉफ्टवेअरकडे जातं. बाकीचे चुकत नसते आणि तो सगळीकडे चुकत असता, तर त्याच कन्सिस्टन्सीवर उत्तर आंतरिक आलं असतं.

कुतूहल२: पण हा फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एररचा प्रश्न नाही का? मॅनेजर सॉफ्टवेअर सोडून माणसाला दोष देतोय.

जुना_परीक्षक: प्रश्नात मॅनेजर आहेच कुठे? सगळे चुकताहेत हे दिसूनही 'हा निष्काळजी आहे' असं कुणी म्हणालं असतं, तर तो एरर. 'पन्नाशीच्या पुढच्यांना सॉफ्टवेअर जमत नाही, म्हणजे यालाही जमणार नाही' हे स्टिरिओटायपिंग. 'हा वेळेवर येतो, म्हणजे बिलंही चोख करत असणार' हा हॅलो इफेक्ट. या शेवटच्या दोघांत मुलं हमखास फसतात. मत गटावरून बनलं की त्याच माणसाच्या एका गुणावरून, एवढंच तपासा.

शेवटचा_बाक: मग 'कन्सिस्टन्सी जास्त असल्यास कारण आंतरिक' हे चूक की बरोबर असं विचारलं तर?

झटपट: बरोबर. नोट्समध्ये तेच आहे.

जुना_परीक्षक: पाठ्यपुस्तकातला तक्ता धरला तर बरोबर. केलीची मांडणी धरली तर एवढ्यावरून ठरत नाही. तुमच्या सरांची सूची कशावर बेतलीय, ते त्यांनाच विचारा.