मदत हवी आहे: तिन्ही गटांतल्या तिसऱ्यांमधून दोन संघ कसे निवडायचे?

नेरूळकर: आमच्या सोसायट्यांची अंडर-१४ फुटबॉल स्पर्धा नेरूळच्या टर्फवर चालू आहे. १२ संघ, चार-चारचे तीन गट. पहिले दोन थेट क्वार्टरफायनलला, उरलेल्या दोन जागा तीन तिसऱ्यांपैकी दोघांना. 'क'वाल्यांचे ४ गुण, ते आत. 'अ' आणि 'ब'चे मात्र ३-३.

'अ'चा तिसरा: २-१ जिंकला, १-२ आणि ०-१ हरला. गोलफरक -१.
'ब'चा तिसरा: ७-० जिंकला, ०-२ आणि १-३ हरला. गोलफरक +३.

ते सात गोल ज्यांच्यावर झाले, ती पोरं यंदाच खेळायला लागलीत. 'अ'चे पालक चिडलेत. नियमपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. शनिवारी बाद फेरी.

घोडबंदरवाला: सोपं आहे. गटातल्या शेवटच्या संघाविरुद्धचा सामना वगळा, फिफा तेच करते. 'अ' -२, 'ब' -४. 'अ' आत.

मावशी_ऐरोली: आमच्या बॉक्स क्रिकेटला नेट रनरेट लावतात, तरी भांडणं होतातच.

जुना रेफ्री: घोडबंदरवाले, ते गट लहानमोठे असतील तेव्हा. २०२२ वर्ल्डकपच्या आशियाई पात्रता फेरीत उत्तर कोरियाने माघार घेतली, एक गट चारचाच उरला. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना बाकी गटांतल्या पाचव्या संघाविरुद्धचे निकाल धरले नाहीत. गट सारखे असले की सगळे सामने धरतात. २०१६च्या युरोमध्ये पोर्तुगाल तीन बरोबऱ्यांवर, ३ गुण आणि शून्य फरक घेऊन तिसरा आला आणि पुढे कप जिंकला. तेवढेच गुण असलेला अल्बानिया -२ मुळे घरी गेला.

शिवाय तिसरा बहुतेक चौथ्याला हरवूनच तिसरा झालेला असतो. तो सामना काढलात की दोघांकडे दोन-दोन पराभव उरतात, आणि कोण कमी हरलं एवढंच मोजता. मग ज्याच्या गटात वरचे दोघे तगडे, तो मरतो.

नेरूळकर: एका सामन्यात जास्तीत जास्त ३ गोलांचा फरक धरला तर?

जुना रेफ्री: मुलांच्या स्पर्धांत ठेवतात तसं, वाईट नाही. पण करून बघा: 'ब' +३, -२, -२, म्हणजे -१. 'अ'ही -१. ७-० ला ३-० धरलं तरी केलेले गोल ४ विरुद्ध ३, 'ब'च पुढे! आणि निकाल हातात आल्यावर नियम निवडला की ज्याला फायदा झाला त्याच्याकडे बोट जाणारच. शनिवारी सकाळी दोघांचा २० मिनिटांचा सामना लावा, बरोबरी झाली तर पेनल्टी.

नेरूळकर: 'अ' तयार आहेत. 'ब'चे कोच म्हणतात, "+३ असताना आम्ही पुन्हा का खेळायचं?"

जुना रेफ्री: त्यांचंही चुकीचं नाही. पत्रकात गटातल्या क्रमवारीसाठी गोलफरक छापलाय का? छापला असेल तर त्यांची बाजू भक्कम आहे.

नेरूळकर: छापलाय. पण फक्त "गटात" असं.

घोडबंदरवाला: मी अजूनही म्हणतो, वगळा.