पश्चिमेच्या खिडकीत वाचायची बैठक केली, पण पाणी आत येतंय

मेघना_ठाणे
सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला लागून चार फुटी बैठक केली आहे. गादी, गोधडी, दिवा सगळं जमलं. पण जोराची सर आली की खालच्या ट्रॅकमधून पाणी ओघळून गादीची कड भिजते. शिवाय अंधारून आल्यावर दिवा लावला की काचेवरचे थेंब दिसत नाहीत, आपलंच तोंड दिसतं!

बंड्या_७७
सिलिकॉन मारा. चौकटीभोवती आणि ट्रॅकलाही. विषय संपला.

खिडकीवाले_काका
चौकट आणि भिंत यांमधल्या फटीपुरतं बरोबर. ट्रॅक मात्र बुजवू नका. सरकत्या खिडकीत थोडं पाणी ट्रॅकमध्ये उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, तळाशी, बारीक भोकं असतात. धूळ आणि कबुतरांची पिसं बसून ती तुंबली की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून सांडतं.
मेघनाताई, पाऊस नसताना ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता. तसंच साचून राहिलं तर भोकं तुंबलीत. जुन्या टूथब्रशने गाळ काढा, भोकांत तार फिरवा. पाणी चटकन गेलं आणि तरी गादी भिजत असेल, तर दोष चौकटीखालच्या फटीत. तिथे सिलिकॉन लावा, पण उघडीप बघून. ओल्या भिंतीवर ते धरत नाही, सालीसारखं सुटून येतं.

नितीन_के
आमच्या काचेवर धुकं धरतं. कितीही पुसा, जात नाही.

खिडकीवाले_काका
एसी चालू असतो ना? मग ते धुकं बाहेरच्या बाजूला आहे, तुम्ही आतून पुसताय. एसी 26-27 वर ठेवून बघा.

सुमेधा_प
दिव्याचं सांगते. आत उजेड जास्त आणि बाहेर कमी झाला की काचेचा आरसा होतो. छतावरचा दिवा बंद करा. खांद्यामागे जाड शेडचा दिवा ठेवा, शेडचं तोंड डोळ्यांच्या खाली येईल असा. उजेड फक्त पानावर पडला पाहिजे. 2700 केल्विनचा 5 वॅटचा एलईडी पुरतो. पातळ कापडी शेड दिसते छान, पण सगळीकडे उजेड सांडते. पूर्ण रात्र झाल्यावर बाहेर रस्त्यावरचा दिवा असेल तरच थेंब दिसतील, एवढं मात्र धरून चाला.
आणि वाफाळता चहा काचेला खेटून ठेवू नका. नेमकी नजरेसमोरची काच धूसर होते.

बंड्या_७७
गोधडीऐवजी फ्लीस घ्या, पंख्याखालीही लवकर वाळतं.

सुमेधा_प
वाळतं, पण ठाण्याच्या दमट हवेत अंगाला चिकटतं. जुन्या सुती साडीची पातळ गोधडी बरी. आत जाड भरण असेल तर मात्र कुबट वास येतो.

मेघना_ठाणे
काका, पेलाभर पाणी ओतलं, हललंसुद्धा नाही. दोन भोकांतून चिखलाचा गोळाच निघाला. आता पाणी वाहतंय, पण डावा कोपरा अजून ओला आहे.

खिडकीवाले_काका
आत्ताच सिलिकॉन नको. कोपरा पुसून कोरडा करा, पुढच्या सरीत तिथे टिश्यू ठेवा. ट्रॅककडून भिजतो की भिंतीकडून, ते कळवा.